प्रकल्प नोंदी: एनडीएच्या मराठी मसुद्यात ‘गोपनीय माहिती’ कुठे सरकली

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

चाकणच्या एका कंपनीचा एनडीए, म्हणजे दिलेली माहिती गोपनीय ठेवण्याचा करार, तपासायला आला आहे. कंपनी वाहनांचे सुटे भाग बनवते आणि मशिनिंगची बरीच कामं भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपना जॉबवर्कवर देते. मूळ करार इंग्रजीत आहे आणि वर्कशॉपचे मालक आजवर त्यावर न वाचताच सही करत आले. या वेळी एका मालकाने सांगितलं, "मराठीत द्या, वाचतो आणि मग सही करतो." मागणी अगदी रास्त आहे. भाषांतर एका अनुभवी अनुवादक ताईंनी केलं आहे आणि एकूण मसुदा स्वच्छ आहे. माझं काम एका गोष्टीपुरतं आहे. इंग्रजी करारात ‘गोपनीय माहिती’मध्ये जे जे येतं तेच मराठीत यायला हवं, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

काम समजावं म्हणून कंपनीने एक खरा जॉब उदाहरणादाखल दिला आहे. ऑइल पंपाची ॲल्युमिनिअमची बॉडी. कास्टिंग कंपनी देते, वर्कशॉप त्यात ३२ मिलिमीटरचा बोअर करतं, टॉलरन्स शून्य ते अधिक ०.०२५. सोबत ड्रॉइंग, प्रोसेस शीट आणि बोअर तपासायला गो-नो गो प्लग गेज. पुढची सगळी तपासणी मी या एका जॉबवर बेतणार आहे. नुसती कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचली की दोन्ही बरोबरच वाटतात. हातात एखादी वस्तू धरून ‘ही आत की बाहेर?’ असं विचारलं की फरक दिसायला लागतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज फक्त व्याख्येचं कलम. इंग्रजीत त्याचा आशय असा आहे: कंपनीने कोणत्याही स्वरूपात, लेखी किंवा तोंडी, दिलेली कोणतीही माहिती. तिच्यात ड्रॉइंग, सँपल, प्रोसेस शीट, नो-हाऊ, दर, ग्राहकांची नावं हे सगळं येतं, पण ती तेवढ्यापुरती मर्यादित नाही. तिच्यावर शिक्का असो वा नसो. आणि तिच्यावरून केलेल्या प्रती, टिपणं, आकडेमोड हेही तिच्यातच.

मराठी मसुद्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवतो:

"‘गोपनीय माहिती’ म्हणजे प्रकटकर्त्या पक्षाने प्राप्तकर्त्या पक्षास लेखी वा तोंडी स्वरूपात उघड केलेली माहिती, म्हणजेच गोपनीय असे चिन्हांकित केलेली वा न केलेली रेखाचित्रे, नमुने, प्रक्रिया पत्रके, तांत्रिक ज्ञान, दर व ग्राहकांची नावे, तसेच त्यांच्या प्रती व टिपणे."

पहिली गोष्ट ‘म्हणजेच’. मूळ यादी उदाहरणांची होती, ती इथे पूर्ण यादी झाली. इंग्रजीतल्या ‘इन्क्लुडिंग विदाऊट लिमिटेशन’चं सगळं काम हेच असतं की यादीत नसलेली गोष्टही आत यावी. प्लग गेजचंच बघा. ते यादीत नाही. इंग्रजी करारानुसार कंपनीने दिलेल्या गेजवरून कळणारं माप निःसंशय आत आहे. मराठीत ‘म्हणजेच’ नंतर गेज कुठेच येत नाही, म्हणून ते बाहेर. ‘इत्यादी’ जोडून भागेल असं वाटतं, पण कायद्याच्या वाचनात यादीच्या शेवटी आलेल्या अशा शब्दाचा अर्थ आधीच्या गोष्टींच्या जातीपुरता घेण्याकडे कल असतो. मग कागदांच्या यादीपुढचं ‘इत्यादी’ कागदांपुरतंच राहण्याची भीती. त्यापेक्षा ‘यांचा समावेश होतो, मात्र ती एवढ्यापुरती मर्यादित नाही’ असं सरळ लिहिलेलं बरं.

दुसरी गोष्ट विशेषणाच्या जागेची. इंग्रजीत ‘शिक्का असो वा नसो’ हा तुकडा यादी संपल्यावर येतो आणि मागच्या सगळ्याला लागू होतो. मराठीत विशेषण नामाच्या आधी बसतं, म्हणून ताईंनी तो तुकडा यादीच्या तोंडाशी नेला, आणि तो ‘रेखाचित्रे’ या शब्दाला चिकटला. नमुन्यांना तो लागू आहे की नाही? वाचणारा दोन्ही प्रकारे वाचू शकतो. आणि व्यवहारात शिक्का फक्त ड्रॉइंगवरच असतो. कास्टिंगवर, गेजवर, फोनवर सांगितलेल्या मापावर शिक्का कोण मारणार? म्हणजे ज्या गोष्टींसाठी हा तुकडा मुळात लिहिला होता, नेमक्या त्यांच्याच बाबतीत शंका उभी राहिली. उपाय सोपा आहे: तो तुकडा या वाक्यातून काढून त्याचं वेगळं वाक्य करायचं. इंग्रजीत एक वाक्य आहे म्हणून मराठीतही एकच हवं, असा नियम कुठेही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज अपवादांचं कलम वाचलं आणि या मसुद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सापडली. ती ‘उघड’ या शब्दात आहे.

इंग्रजीत ‘डिस्क्लोज’ हे एकच क्रियापद करारभर फिरतं. कंपनी वर्कशॉपला माहिती देते तेही डिस्क्लोज, आणि वर्कशॉपने ती तिसऱ्याला सांगायची नाही तेही डिस्क्लोज. इंग्रजीत हे चालतं, कारण त्या क्रियापदात ‘जगजाहीर’ हा अर्थ बसलेला नाही. एका माणसाला खाजगीत सांगितलं तरी ते डिस्क्लोजच. ताईंनी सगळीकडे ‘उघड करणे’ घेतलं. एक संज्ञा एकाच शब्दाने भाषांतरित करायची, हा कायद्याच्या भाषांतरातला शिरस्ताच आहे, त्याप्रमाणे त्यांनी केलं.

पण मराठीत उघड झालेली गोष्ट गुप्त राहिलेली नसते. आता दोन कलमं एकत्र वाचा. कलम १: गोपनीय माहिती म्हणजे प्रकटकर्त्या पक्षाने उघड केलेली माहिती. कलम ३(अ): जी माहिती उघड झाली आहे, ती गोपनीय माहिती समजली जाणार नाही. कंपनीने ड्रॉइंग दिलं त्या क्षणी ते ‘उघड केलं’, आणि उघड झालेलं ते अपवादात गेलं. सरळ मनाने, शब्दाला धरून वाचलं तर ही व्याख्या स्वतःलाच पुसून टाकते. गोपनीय माहिती म्हणून हातात काहीच उरत नाही.

न्यायालयात एवढं टोकाचं वाचन टिकणार नाही हे मला कळतं. करार निरर्थक होईल असा अर्थ न्यायाधीश सहसा स्वीकारत नाहीत. तरी भांडणात समोरच्या वकिलाला एवढी फट पुरेशी असते, आणि कराराच्या शब्दांत संदिग्धता असेल तर तिचा अर्थ मसुदा करणाऱ्याच्या विरुद्ध लावण्याकडे कल असतो. इथे मसुदा कंपनीचा आहे.

त्याच कलमात आणखी एक घसरण आहे. मसुदा म्हणतो, "जी माहिती उघड झाली आहे किंवा प्राप्तकर्त्या पक्षाच्या कसुरीशिवाय उघड होईल". इथे ‘कसुरीशिवाय’ फक्त दुसऱ्या अर्ध्या भागाला लागलं. आज वर्कशॉपच्याच कोणी ड्रॉइंगचा फोटो ग्रुपवर टाकला, तर उद्या ती माहिती ‘उघड झाली आहे’, आणि पहिल्या अर्ध्यात कसुरीची अट नाही. मूळ इंग्रजीत ही अट दोन्हींना लागू आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

उलट भाषांतर हातात आलं. मूळ करार न पाहिलेल्या एका सहकाऱ्याला मराठी मसुदा देऊन तो इंग्रजीत करून घेतला होता. ‘म्हणजेच’ची चूक त्यात लख्ख दिसली, इंग्रजी यादी बंदिस्त होऊन परत आली. पण ‘उघड केलेली माहिती’ मात्र ‘डिस्क्लोज्ड इन्फर्मेशन’ होऊन मूळ करारात होती तशीच्या तशी परत आली.

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. उलट भाषांतरात शब्द ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत गेला, म्हणून वाटेत काय सांडलं ते दिसलं नाही. डिस्क्लोजला उघड, उघडला डिस्क्लोज, हिशोब जुळला. बिघाड त्या शब्दाच्या मराठीतल्या शेजाऱ्यांमुळे होता, आणि शेजारी इंग्रजीत येत नाहीत. तपासणीचं साधन म्हणून उलट भाषांतर मी वापरतो, पुढेही वापरेन, पण ते स्वच्छ आलं म्हणून मसुद्यावर सही करणार नाही. मराठी मजकूर मराठीतच, इंग्रजी बाजूला ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा लागतो.

दुपारी ताईंशी फोन. मी कलम १ आणि ३(अ) सलग वाचून दाखवलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे तर आपणच दिलेलं आपणच काढून घेतलं. मी संज्ञा एकसारखी ठेवायच्या नादात होते." मग त्यांनीच तीन कामांना तीन शब्द सुचवले: कंपनी माहिती ‘देते’, वर्कशॉपने ती ‘उघड करायची’ नाही, आणि जगाला आधीच ठाऊक असलेली माहिती ‘सर्वांना ज्ञात’ किंवा ‘सर्वांना सहज उपलब्ध’. ‘सार्वजनिक’ आम्ही मुद्दाम टाळला, कारण ऐकणाऱ्याला त्यात सरकारी मालकीचा वास येतो.

एका झटक्यात ‘फाइंड-रिप्लेस’ करू नका, असं त्यांनाही सांगितलं आणि इथेही लिहून ठेवतो. मनाईच्या कलमातला ‘उघड करणार नाही’ बरोबर आहे, तो तसाच राहिला पाहिजे. प्रत्येक ठिकाणी कोण कोणाला सांगतंय ते पाहून हाताने बदल करायचा.

१० फेब्रुवारी, सोमवार

‘माहिती देणारा पक्ष’ आणि ‘माहिती घेणारा पक्ष’ ही नावं टाकून नवा मसुदा आला आणि लगेच नवा घोटाळा समोर आला. आपल्याकडच्या दस्तांत ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ ही जुनी, सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली नावं आहेत. लिहून देणार म्हणजे जो बांधून घेतो तो, म्हणजे इथे वर्कशॉप. माहिती देणारा मात्र कंपनी. मसुद्याच्या डोक्यावर ‘लिहून देणार’ वर्कशॉप आणि आत ‘देणारा पक्ष’ कंपनी, असं झालं. जागा खरेदी-विक्रीचे कागद पाहिलेला माणूस ‘देणार’ दिसलं की स्वतःला तिथे उभा करतो, आणि मग जबाबदारी उलटी वाचतो.

हा करार एकतर्फीच आहे, माहिती फक्त कंपनीकडून वर्कशॉपकडे जाते. म्हणून वकील मॅडमना विचारलं की ‘कंपनी’ आणि ‘जॉबवर्कर’ अशी सरळ नावं चालतील का. त्यांनी होकार दिला आणि इंग्रजीतही तेच बदलायचं ठरवलं, म्हणजे दोन्ही प्रती ओळीला ओळ जुळतील.

संध्याकाळी कलम ६. इंग्रजीत लिहिलंय की वर्कशॉप या माहितीची तितकीच काळजी घेईल जितकी ते स्वतःच्या गोपनीय माहितीची घेतं. पहिल्या जागी मोठी अक्षरं, म्हणजे व्याख्येतली संज्ञा. दुसऱ्या जागी छोटी अक्षरं, म्हणजे साधा अर्थ. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत, म्हणून मराठीत दोन्ही ‘गोपनीय माहिती’, आणि व्याख्या लावून वाचलं तर वर्कशॉपची ‘स्वतःची’ गोपनीय माहिती ही कंपनीनेच दिलेली माहिती ठरते. ठरवलं ते असं: व्याख्येतली संज्ञा करारभर एकेरी अवतरणचिन्हात राहील, आणि दुसऱ्या जागी ‘स्वतःच्या खाजगी व्यावसायिक माहितीची’. मसुद्यात दोन ठिकाणी ‘गुप्त माहिती’ही आलं होतं, तेही ‘गोपनीय माहिती’ केलं. करारात शब्द बदलला की वाचणारा अर्थही बदललाय असं धरतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजवर सापडलेली सरकणी बहुतेक व्याख्या आक्रसणारी होती. आज उलट्या दिशेची सापडली. नो-हाऊसाठी ‘तांत्रिक ज्ञान’.

नो-हाऊ म्हणजे हा भाग बनवण्याची कंपनीची स्वतःची विशिष्ट रीत: कोणता कट आधी घ्यायचा, पातळ भिंतीचं कास्टिंग वाकू नये म्हणून क्लॅम्प कुठे आणि किती आवळायचा, बोअरला शेवटचा हात मारताना किती मटेरियल शिल्लक ठेवायचं. ‘तांत्रिक ज्ञान’ मात्र ऑपरेटरच्या हातातलं कसबही असतं. या जॉबवर काम करता करता तो ॲल्युमिनिअम कसं कापायचं ते शिकला, तर मराठी वाचनाप्रमाणे तेही कंपनीचं. मग तो दुसऱ्या कोणाचं ॲल्युमिनिअमचं काम करूच शकणार नाही.

इतका विस्तार कंपनीलाही नको असायला हवा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरतो, आणि माणसाचं सर्वसाधारण कौशल्य व विशिष्ट व्यापारी गुपित यांत न्यायालयं फरक करत आली आहेत. फार रुंद व्याख्येने बचाव वाढत नाही, उलट आव्हानाला जागा होते. बदल: ‘हा भाग बनवण्याची कंपनीची विशिष्ट रीत’.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज भोसरीला जाऊन त्या मालकांना भेटलो. कंपनीची परवानगी घेऊन, मूळ मराठी मसुदा आणि एक प्रश्नांचा कागद घेऊन. प्रत्येक ओळीत एक गोष्ट आणि पुढे एकच प्रश्न: हे दुसऱ्या कारखान्याला सांगता किंवा देता येईल का? तोच कागद कंपनीच्या विधी विभागाने इंग्रजी करार वाचून आधीच भरून दिला होता.

फोनवर कळवलेला बदललेला टॉलरन्स: दोन्हीकडे ‘नाही’. ड्रॉइंगवरच्या स्टँडर्ड बोल्टचं माप, जे मानकांच्या पुस्तकात छापलेलं असतं: दोन्हीकडे ‘हो’. इथवर जुळलं.

रिजेक्ट झालेली बॉडी भंगारवाल्याला विकणं: इंग्रजी वाचून ‘नाही’, मराठी वाचून ‘हो’. मालक म्हणाले, "साहेब, नमुना म्हणजे तुम्ही पास करून दिलेला पीस. रिजेक्शन हा माल आहे, नमुना नाही." त्यांचं वाचन चुकीचं नाही. यादी बंद केली की यादीतला प्रत्येक शब्द आखडून वाचला जातो. आणि रिजेक्ट बॉडी हातात आली की कॅलिपर घेऊन बसलेला कोणीही अर्ध्या ड्रॉइंगपर्यंत पोचतो.

बोअरची मापं: मराठी वाचून ‘हो’. कारण विचारलं तर त्यांनी ३(ब) वर बोट ठेवलं: "जी माहिती अगोदरपासून माहीत होती". "हा पीस आम्ही आधीपासून करतोय. मापं पाठ आहेत." मसुद्यातून कोणाला माहीत होती, कशाच्या अगोदर आणि कुठून कळली, हे तिन्ही गळलं आहे. मराठीत कर्ता न सांगताही वाक्य पुरं होतं, म्हणून कानाला काही खटकत नाही. इंग्रजीत तिन्ही आहे: जॉबवर्करला, कंपनीने देण्याअगोदर, वैध मार्गाने, आणि तेही त्याच्या लेखी नोंदींवरून दिसलं पाहिजे.

पण त्यांच्या उत्तराने मूळ इंग्रजीतलीही एक फट दाखवली. या करारावर सही होण्याआधीच्या ऑर्डरींमध्ये कंपनीने जे दिलं होतं त्याचं काय? इंग्रजी त्याबद्दल गप्प आहे. हे मराठीत मी परस्पर भरणार नाही. मूळ कराराची दुरुस्ती भाषांतरातून चोरपावलांनी केली तर दोन प्रती दोन करार होतात. वकील मॅडमकडे प्रश्न म्हणून पाठवलं.

शेवटची ओळ फिक्श्चरची होती, आणि तिच्यावर बराच वेळ गेला. बॉडी पकडायला मालकांनी स्वतः फिक्श्चर तयार केलं आहे. त्यांनी ते दाखवलं. तीन टेकू, त्यातला एक स्प्रिंगवर, कारण कास्टिंगची पाठ दर पीसला थोडी वेगळी येते आणि तिन्ही टेकू पक्के केले तर बॉडी पिळली जाऊन क्लॅम्प सोडल्यावर बोअर लंबगोल होतो. कंपनीच्या प्रोसेस शीटमध्ये यातलं काही नाही. मसुद्याचं ३(ड) म्हणतं: "स्वतंत्रपणे विकसित केलेली माहिती". ते म्हणाले, "हे आमचं डोकं आहे. हे तर आमचंच ना?"

इंग्रजीत ३(ड) ला पुढे शेपूट आहे: कंपनीच्या माहितीचा वापर किंवा आधार न घेता. ते मराठीत आलं नाही. फिक्श्चरचे टेकू कुठे बसवायचे ते ड्रॉइंगमधल्या मापांवरूनच ठरलं, म्हणजे इंग्रजीप्रमाणे ते अपवादात बसत नाही. मराठी वाचून मालकांना जे मिळालंसं वाटतं ते इंग्रजी देत नाही. हा फरक सही करण्याआधी त्यांना कळलाच पाहिजे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वकील मॅडमसोबत दीर्घ बैठक. त्यांनी १९४८ चा इंग्लंडमधला सॉल्टमन खटला काढला, आणि तो आपल्या प्रसंगाच्या इतका जवळचा आहे की इथे लिहितोच. चामड्याला भोकं पाडायच्या पंचसाठी लागणारी हत्यारं बनवायला एका कारखान्याला ड्रॉइंग दिली होती. त्याने त्यांच्यावरून स्वतःसाठीही उत्पादन केलं. पंच बाजारात मिळतच होते, कोणीही विकत घेऊन, मोजून ड्रॉइंग काढू शकला असता. न्यायालयाने म्हटलं की ती मेहनत त्यांनी केली नाही, दिलेल्या ड्रॉइंगचा फायदा घेऊन वाचवली. सगळ्यांना उपलब्ध साहित्यावर डोकं चालवून एखाद्याने तयार केलेला कागदही गोपनीय असू शकतो. आपल्याकडेही दिल्ली उच्च न्यायालयात १९८७ मध्ये ब्रॅडी खटल्यात असाच प्रसंग होता: चारा उगवण्याच्या यंत्राचे भाग पुरवण्यासाठी दिलेली ड्रॉइंग आणि माहिती, आणि मग तसंच यंत्र. तिथे मनाई हुकूम मिळाला. व्यापारी गुपितांसाठी भारतात अजून वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने २०२४ च्या २८९ व्या अहवालात तसा कायदा सुचवला आहे, पण आज तरी भिस्त कराराच्या शब्दांवर आणि अशा निकालांवर आहे.

म्हणून ३(अ) मध्ये ‘सर्वांना सहज उपलब्ध’ हे महत्त्वाचं ठरतं. ‘बाजारात मिळणारी’ असं लिहिलं असतं तर स्पेअर म्हणून विकली जाणारी प्रत्येक पंप बॉडी स्वतःचं ड्रॉइंग सोबत घेऊन बाहेर पडली असती.

फिक्श्चरबद्दल मॅडमचं मत मला पटलं. फिक्श्चर ही वस्तू आणि टेकूची युक्ती मालकांची राहील, तीच पद्धत ते दुसऱ्या कामाला वापरू शकतील, मात्र या बॉडीची मापं त्यातून बाहेर जाता कामा नयेत. पण हा इंग्रजी करारातच करायचा बदल आहे. आधी कंपनीची संमती, मग दोन्ही भाषांत. जुन्या ऑर्डरींचंही तसंच.

‘दोन प्रतींत फरक पडल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य’ हे कलम आहे, मग एवढा खटाटोप कशाला, असं कंपनीच्या एका अधिकाऱ्याने विचारलं. मॅडमनी करार कायद्याचं कलम १३ वाचून दाखवलं: दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी झाली तर संमती. ज्याने फक्त मराठी प्रत वाचली तो कोणत्या अर्थाने राजी झाला, हा प्रश्न ते कलम मिटवत नाही. त्यात मी एवढंच जोडलं की भंगारवाल्याला रिजेक्शन द्यायचं की नाही हे ठरवताना मालक इंग्रजी प्रत उघडणार नाहीत. बॉडी एकदा गेली की कुठली प्रत ग्राह्य होती याने ती परत येत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीने दोन्ही बदल मान्य केले. जुन्या ऑर्डरींमध्ये दिलेली माहितीही आत, आणि फिक्श्चरची युक्ती जॉबवर्करची. रिजेक्ट माल कंपनीला चलानवर परत करायचा किंवा कापून नष्ट करायचा, अशी एक ओळ दोन्ही प्रतींत आली. व्याख्या आता अशी:

"‘गोपनीय माहिती’ म्हणजे कंपनीने जॉबवर्करला लेखी, तोंडी किंवा अन्य कोणत्याही स्वरूपात दिलेली कोणतीही माहिती, मग ती या करारापूर्वी दिलेली असो वा नंतर. ड्रॉइंग, सँपल, प्रोसेस शीट, हा भाग बनवण्याची कंपनीची विशिष्ट रीत, दर आणि ग्राहकांची नावे यांचा तिच्यात समावेश होतो; मात्र ती एवढ्यापुरती मर्यादित नाही. अशा माहितीवर ‘गोपनीय’ असा शिक्का असो वा नसो, ती ‘गोपनीय माहिती’च समजली जाईल. तिच्यावरून केलेल्या प्रती, टिपणे व आकडेमोड यांनाही हेच लागू राहील."

आणि ३(ब): "जी माहिती कंपनीने देण्यापूर्वीच जॉबवर्करला वैध मार्गाने माहीत होती, आणि तसे जॉबवर्करच्या लेखी नोंदींवरून दिसून येते, ती."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रश्नांचा तोच कागद, नवा मसुदा, पण माणसं वेगळी. भोसरीतल्याच दुसऱ्या एका वर्कशॉपचे मालक आणि त्यांचे सुपरवायझर. पहिल्या मालकांना उत्तरं आता ठाऊक झाली आहेत, त्यांच्याकडून भरून घेण्यात अर्थ नव्हता.

भंगार, बोअरची मापं, गेज, फिक्श्चर, सगळी उत्तरं इंग्रजीशी जुळली. एक ओळ अडली: पीसमागे मिळणारा दर बायकोला सांगितला तर? सुपरवायझरने गंभीरपणे विचारलं, आणि प्रश्न योग्यच आहे, कारण वर्कशॉपचे हिशेब त्याही बघतात. कागदी अर्थाने त्या तिसऱ्या व्यक्ती आहेत. इंग्रजीत कलम ४ मध्ये ‘कामासाठी माहिती आवश्यक असलेल्या व्यक्तीं’ना मुभा आहे. मराठीत तिथे ‘कर्मचारी’ एवढंच आलं होतं, आणि घरचं माणूस पगारी कर्मचारी नसतं. ते ‘कामासाठी ज्यांना ही माहिती लागते अशा व्यक्ती’ असं केलं. त्या व्यक्तींनी गोपनीयता पाळण्याची जबाबदारी जॉबवर्करवर, हे पुढचं वाक्य आधीपासून बरोबर होतं.

अंतिम मसुदा आणि कलमवार बदलांचा तक्ता वकील मॅडमना पाठवला. सहीपूर्वी मराठी प्रत मालकांना वाचून दाखवायची, आणि फिक्श्चरचं कलम त्यांच्याकडून त्यांच्या शब्दांत परत ऐकून घ्यायचं, एवढं ताईंकडे राहिलं आहे. मॅडमची वेळ गुरुवारी सकाळी अकराची.